सिस्टर हात धरून नुसत्या बसतात तेव्हा

गेल्या पंधरवड्यात एका वाचकाचे सविस्तर पत्र आले. त्यांच्या वडिलांना तालुक्याहून मोठ्या रुग्णालयात हलवले होते. सहा दिवस ते तेथे होते आणि बरे होऊन घरी आले. त्यांची तक्रार डॉक्टरांविषयी नाही, औषधांविषयी नाही, सिस्टरविषयी आहे. ते लिहितात, "रात्री दोनदा सांगूनही सलाईन बदलायला सिस्टर आल्या नाहीत. शेवटी उठून पाहिले, तर त्या एका पेशंटचा हात धरून नुसत्या बसल्या होत्या, घड्याळाकडे बघत. ड्यूटी कधी संपते याची वाट पाहत असाव्यात."

त्या सिस्टर कोण, त्या रात्री नेमके काय घडले, हे मला माहीत नाही. त्यामुळे निवाडा करत नाही. पण पेशंटचा हात धरून घड्याळाकडे बघणारी परिचारिका ड्यूटी संपण्याची वाट बहुधा पाहत नसते. ती मोजत असते. आणि माझ्या मते तिच्या चोवीस तासांतल्या साऱ्या कामांत हे मोजणेच सर्वांत मोलाचे आहे. मात्र ते काम दिसत नाही. म्हणून त्याचे कौतुकही होत नाही आणि ते झाले नाही तर तक्रारही येत नाही. आज हा वॉर्डातला दिवस थोडा जवळून पाहू.

बहुतेक सरकारी रुग्णालयांत सकाळची ड्यूटी आठच्या सुमारास सुरू होते. ती सुरू होते 'ओव्हर'ने, म्हणजे रात्रीच्या सिस्टरने सकाळच्या सिस्टरला वॉर्ड सोपवणे. प्रत्येक कॉटपाशी दोघी उभ्या राहतात. कोणाला काय झाले, रात्री ताप किती होता, कोणते इंजेक्शन राहिले, कोणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचे आहे, हे एकीने सांगायचे आणि दुसरीने ऐकता ऐकता पेशंटकडे पाहायचे. यातले 'पाहायचे' महत्त्वाचे. टेबलाशी बसून वहीवरून दिलेला ओव्हर दहा मिनिटांत उरकतो, पण त्यात फक्त कागद सोपवला जातो. कॉटपाशी उभे राहिले की सलाईनच्या सुईपाशी हात सुजलेला दिसतो, लघवीची पिशवी रिकामी दिसते, काल गप्पा मारणाऱ्या आजोबांनी आज भिंतीकडे तोंड केलेले दिसते.

ओव्हरमध्ये आणखीही मोजदाद असते. कुलुपातल्या मॉर्फिनसारख्या औषधांची मोजणी हवीच, त्याला इलाज नाही. पण चादरी मोजायच्या, उशांचे अभ्रे मोजायचे, ब्लँकेटे मोजायची. डिस्चार्ज घेऊन गेलेल्या एखाद्याच्या गाठोड्यातून ब्लँकेट गेले, तर जाब सिस्टरला. एका इन्चार्ज सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "सर, माझ्या वॉर्डातले पेशंट पळाले तरी सापडतात, ब्लँकेट सापडत नाही!" हसण्यावारी न्यायची गोष्ट खरी, पण तिच्यात एक वाईट गोम आहे. हरवलेल्या चादरीबद्दल लेखी खुलासा मागितला जातो. न मोजलेल्या श्वासांबद्दल कोणी काही विचारत नाही.

त्यानंतर औषधांची फेरी. आपल्याला दिसते ते एवढेच की सिस्टर ट्रॉली ढकलत येतात, गोळी हातावर ठेवतात आणि पुढे जातात. प्रत्यक्षात प्रत्येक कॉटपाशी त्यांना पाच गोष्टी जुळवायच्या असतात: माणूस तोच, औषध तेच, मात्रा तीच, द्यायचा मार्ग तोच आणि वेळ तीच. यात सर्वांत सोपा वाटणारा पहिला मुद्दाच आपल्याकडे सर्वांत अवघड. एका वॉर्डात दोन लक्ष्मीबाई असतात. शिवाय उन्हाळ्यात पंख्याखालची कॉट रिकामी झाली की शेजारच्या बाई हळूच तिथे सरकतात. कॉट नंबर बारा आता अकरावर असते आणि हे फक्त त्या दोघींना ठाऊक असते! म्हणून जाणती सिस्टर "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असे कधी विचारत नाही. अर्धवट ऐकू येणारी म्हातारी कशालाही "हो बाई" म्हणते. ती विचारते, "आजी, तुमचे पूर्ण नाव सांगा बरे." आणि आजी जुन्या वळणाच्या असल्या तर मालकांचे नाव घ्यायला लाजतात, शेजारच्या कॉटवरच्या बायका उखाण्याचा आग्रह धरतात. यात अर्धे मिनिट जाते, पण ते अर्धे मिनिट वाया गेलेले नसते.

अशा वेळी ट्रॉलीपाशी जाऊन "सिस्टर, एक्स-रे कुठे काढतात?" असे विचारणारे नातेवाईक नकळत मोठी जोखीम उभी करतात. सिरिंजमध्ये औषध ओढताना ध्यान मोडले की चूक होण्याची शक्यता वाढते. एक्स-रेची खोली दहा मिनिटांनी विचारली तरी ती जागा सोडून जात नाही.

आता पत्रलेखकाच्या सलाईनकडे वळतो. सलाईन म्हणजे वॉर्डातला सर्वांत मोठा गैरसमज. बाटली संपली की हवा शिरेत जाऊन माणूस दगावतो, अशी भीती घरोघर आहे. साध्या टांगलेल्या सलाईनचे तसे होत नाही. बाटली संपली की नळीतले पाणी हळूहळू खाली येते आणि शिरेतला दाब जिथे त्याला तोलून धरतो तिथे थांबते. फार तर थोडे रक्त नळीत मागे येते, साकळते आणि हातातली इंट्राकॅथ बंद पडते. मग पेशंटला पुन्हा टोचावे लागते. हा त्रास आहेच, तो टळायलाही हवा. त्यासाठी बाटलीत चार बोटे पाणी शिल्लक असतानाच सिस्टरना सांगून ठेवावे.

खरा धोका संपलेल्या सलाईनचा नसून पळवलेल्या सलाईनचा आहे. हिशेब साधा आहे. नेहमीच्या सेटमध्ये साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. पाचशे मिलिलिटरची बाटली म्हणजे दहा हजार थेंब. डॉक्टरांनी ती आठ तासांत द्यायला सांगितली असेल तर मिनिटाला एकवीस थेंब पडायला हवेत. सिस्टर घड्याळ डोळ्यांसमोर धरून थेंब मोजतात, नळीवरचे चाक किंचित फिरवतात, पुन्हा मोजतात. काही जणी बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तिच्यावर तासांच्या खुणा करतात, म्हणजे पाणी कुठवर उतरायला हवे ते लांबूनही कळते. आणि मग भेटायला आलेले एखादे पाहुणे "किती हळू चाललीय ही!" म्हणत ते चाक बोटाने मोकळे करतात. मिनिटाला साठ थेंब पडू लागले की तीच बाटली तीन तासांच्या आत आत जाते. तरण्याताठ्या माणसाचे त्याने फारसे बिघडत नाही. पण हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्याच्या फुफ्फुसात पाणी भरते, तो उठून बसतो आणि धापा टाकू लागतो. बाटलीत पोटॅशियम मिसळलेले असेल तर हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. त्या चाकाला नातेवाईकांनी हात लावू नये. हा नियम सिस्टरच्या तोऱ्यासाठी केलेला नाही.

दुपार, संध्याकाळ याविषयी फार लिहीत नाही. नवे पेशंट येतात, तपासणीचे रक्त जाते, रिपोर्ट येतात, ड्रेसिंग होतात, भेटीच्या वेळेत डबे उघडतात आणि वॉर्डात भाकरी-पिठल्याचा वास सुटतो. पथ्याच्या पेशंटला कोणी लोणचे देते, सिस्टर रागावतात, लोणचे उशीखाली जाते. ही सारी धावपळ आपल्याला दिसते आणि तिच्यावरूनच आपण सिस्टर चांगली की वाईट ते ठरवतो.

रात्री आठला रात्रपाळी येते, ती सकाळी आठपर्यंत. दिवे मंद होतात आणि हात धरून बसण्याचे काम सुरू होते.

नाडी मोजणे सर्वांना माहीत आहे. पण नाडी मोजून झाल्यावरही सिस्टर पेशंटचे मनगट सोडत नाहीत. त्यांची नजर छातीकडे किंवा पोटाकडे वळलेली असते आणि त्या श्वास मोजत असतात. पेशंटला सांगायचे नाही, कारण "तुमचा श्वास मोजते" म्हटले की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. मनगट धरून ठेवणे हा एक प्रेमळ कावा आहे. पेशंटला वाटते नाडीच पाहताहेत. हे पूर्ण एक मिनिट करायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर एका श्वासाच्या चुकीची चार होते, आणि इथे चाराचाही फरक मोठा आहे. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली पेशंट बिघडू लागल्याचे वेळेत ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत आखली. त्यात पंचवीस किंवा अधिक श्वासांना त्या सदरातले सर्वांत जास्त, म्हणजे तीन गुण आहेत. रक्तदाब घसरण्याच्या आधी, कधी कधी कित्येक तास आधी, श्वास वाढलेले असतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर २०२० च्या साथीपासून घरोघर पोहोचले. पण माणूस जोरजोराने श्वास घेऊन ऑक्सिजन टिकवून धरत असतो, तेव्हा त्या यंत्राचा आकडा चांगलाच दिसतो. बहुतेक वॉर्डांत श्वास अजून डोळ्यांनीच मोजावे लागतात.

एक उदाहरण सांगतो. त्या रात्री मी ड्यूटीवर होतो. साठीच्या घरातल्या एक बाई मूत्रपिंडाच्या जंतुसंसर्गाने दुपारी दाखल झाल्या होत्या. वजन पन्नास किलोच्या आसपास. लघवीची नळी घातलेली, अँटिबायोटिक सुरू झालेले. रात्री दहाला ताप १०२, नाडी १०४, श्वास २०, रक्तदाब १२६/८०. त्या वेळी सिस्टरने आणखी एक बारीकशी गोष्ट केली. लघवीच्या पिशवीवर पेनाने पातळीची रेघ मारून वेळ लिहून ठेवली.

दोन वाजता त्या पुन्हा आल्या. मुलगा जागा होता. तो कुजबुजला, "ताप उतरलाय सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या." कपाळ खरोखरच गार होते. पण ते ओले आणि चिकट होते. थर्मामीटरने ९६.४ दाखवले. मनगट धरून त्या बसल्या. नाडी ११८. मग पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. अठ्ठावीस. रक्तदाब १००/६४. पिशवीतली पातळी रेघेच्या जेमतेम वर सरकली होती. चार तासांत जवळपास पंचेचाळीस मिलिलिटर. ताशी, किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. म्हणजे या बाईंना चार तासांत शंभर. सिस्टरने त्यांना हलवून नाव विचारले. बाई डोळे किलकिले करून म्हणाल्या, "शेळ्या आत बांधल्या का गं?" मुलगा हसला. त्याला वाटले, आई झोपेत बोलतेय. सिस्टर हसल्या नाहीत.

फोनवर त्यांनी मला "पेशंट जरा बरी वाटत नाही" असे सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "सर, नऊ नंबरच्या बाई. श्वास वीसचे अठ्ठावीस झालेत, प्रेशर १२६ वरून शंभरवर आले, चार तासांत लघवी पन्नाससुद्धा नाही, आणि आता भ्रमात बोलताहेत. ताप उतरलाय पण अंग गार आहे. तुम्ही आत्ता यावे." एवढ्या बोलण्यानंतर झोप राहते कुठली!

जंतुसंसर्ग रक्तात पसरून सगळ्या शरीराला वेढू लागला की ताप वाढतोच असे नाही. वयस्क माणसांत तो खाली घसरतो, आणि घरच्यांना हायसे वाटते. आम्ही ऑक्सिजन लावला, तपासणीसाठी रक्त घेतले, अँटिबायोटिक बदलले आणि सलाईन भरभर सोडले. जे चाक पाहुण्यांनी मोकळे करू नये म्हणून वर इतके बजावले, ते त्या रात्री सिस्टरने पूर्ण मोकळे केले आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी छातीला नळी लावून फुफ्फुसात पाणी तर होत नाही ना, हे आम्ही पाहत राहिलो. पहाटे पाचला रक्तदाब ११४ झाला. सहाला बाईंनी मुलाला ओळखून रागे भरले, कारण तो त्यांच्या कॉटवर पाय टेकून झोपला होता. नवव्या दिवशी त्या घरी गेल्या. दोनऐवजी सकाळी सहाला ही गोष्ट ध्यानात आली असती, तर काम फार अवघड झाले असते.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणे बरोबर नाही. अनेक वॉर्डांत तापाचा तक्ता उघडा, श्वासांच्या रकान्यात ओळीने वीस, वीस, वीस लिहिलेले आढळेल. न्यूमोनियाच्या पेशंटला वीस आणि मोडलेल्या पायाच्या पेशंटलाही वीस. सगळ्या वॉर्डाने एका तालात श्वास घेणे शक्य नाही. हे आकडे खुर्चीत बसून भरलेले असतात. यावर सिस्टरना दोष देणे सोपे आहे. पण जरा हिशेब करू. श्वासांना एक मिनिट, नाडीला अर्धे, रक्तदाब, ताप, लिहिणे आणि पुढच्या कॉटपाशी जाणे धरून एका पेशंटला पाच मिनिटे लागतात. छत्तीस पेशंट असतील तर एका फेरीला तीन तास. रात्रीत दोन फेऱ्या केल्या तर सहा तास, म्हणजे निम्मी रात्रपाळी. वॉर्डात सिस्टर एकटी असेल, आणि पुष्कळदा असते, तर इंजेक्शने, सलाईन, नवे दाखले, एखादा मृत्यू आणि त्याचे कागद उरलेल्या वेळात बसवायचे. ते बसत नाहीत.

मग अनुभवी सिस्टर काय करते? ती निवड करते. आज दाखल झालेले, आज ऑपरेशन झालेले, सत्तरीच्या पुढचे, रात्री जेवण नको म्हणालेले आणि "का कोण जाणे, बरे दिसत नाहीत" असे वाटणारे, असे सहा-सात जण मनात धरते. त्यांचे दर दोन-चार तासांनी खरे मोजते आणि बाकीच्यांवरून नजर फिरवते. मला हे अगदी योग्य वाटते. अडचण अशी की ही निवड तिच्या मनात असते, कागदावर कुठेच नसते. कागद सगळ्यांचे सारखेच आकडे मागतो, म्हणून वीस-वीस लिहिले जाते. नवी सिस्टर तो कागद पाहून शिकते आणि मोजायचे कोणाचे हेच तिला कळत नाही. त्यापेक्षा संध्याकाळच्या फेरीतच डॉक्टर आणि सिस्टर यांनी मिळून सात-आठ केसपेपरांवर लाल खूण करावी. त्यांचे श्वास, लघवी, शुद्ध हे दर दोन तासांनी खरोखर मोजावे. बाकीच्यांचे रात्री एकदा घेतले तरी चालेल, असे रुग्णालयानेच लेखी ठरवून द्यावे. चादरी, अभ्रे आणि ब्लँकेटे यांची वही कारकुनाकडे किंवा भांडारपालाकडे द्यावी. सिस्टरची संख्या वाढवणे हा खरा उपाय आहेच, पण तो जागा भरेपर्यंत थांबतो. लाल खूण उद्या संध्याकाळीही करता येईल.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना आणि रात्री पेशंटपाशी थांबणाऱ्या सर्वांनाच एक सांगावेसे वाटते. आपण सिस्टरना हाक मारतो ती बहुतेक सलाईनसाठी. पण आपल्याला आपला माणूस सिस्टरपेक्षा जास्त ठाऊक असतो. तो भलतेच बोलू लागला, एरवी बडबड्या माणूस हाकेला उशिरा ओ देऊ लागला, श्वास भरभर चालू लागला, संध्याकाळपासून लघवीला गेलाच नाही, ताप उतरला पण अंग गार आणि घामेजलेले लागले, तर मध्यरात्र असो वा पहाट, संकोच न करता उठवा. असे सांगताना "तुम्ही लक्षच देत नाही" या वाक्याने सुरुवात केली की पुढचे कोणी नीट ऐकत नाही. "सिस्टर, संध्याकाळी हे मला ओळखत होते, आता ओळखत नाहीत" असे म्हणा. या वाक्याला सलाईनच्या बाटलीपेक्षा आधी यावे लागते, आणि बहुतेक सिस्टर येतात. अशा वाक्यानंतरही कोणी आले नाही, तर ती तक्रार जरूर लिहा, तारीख आणि वेळ घालून. सलाईन बदलायला वीस मिनिटे उशीर झाला ही तक्रार मात्र लिहिण्याआधी वॉर्डात एक नजर टाका, सिस्टर त्या वेळी कोणाचा हात धरून बसल्या होत्या ते पाहा, आणि सकाळी ती कॉट रिकामी दिसली की त्यावरचा पेशंट उठून चहा प्यायला गेलेला होता, तेही विचारून घ्या.